पूरसूचनांच्या ओळी: भरतीचे शब्द काढतानाच्या नोंदी

४ मे

मंडळाच्या पूरतयारीच्या भिंतीसाठी गुरुजींनी पद्यं लिहून दिली. सांगलीत कृष्णाकाठाला राहणाऱ्यांना जून लागायच्या आत काय काय करून ठेवायचं, हे सगळं त्यांत आहे. कागदं कुठं ठेवायची, वीज कधी बंद करायची, बोट आली की काय करायचं, पूर ओसरल्यावर पाणी कसं प्यायचं. पेंटर मामा पंधरवड्यानं भिंतीला पांढरा हात मारणार आहेत. त्याआधी ओळी पक्क्या व्हायला हव्यात आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण दिवसभर प्रेसमध्ये दुसऱ्यांच्या ओळी तपासण्याचीच नोकरी आहे.

गुरुजींनी अष्टाक्षरी घेतली आहे. चार ओळी, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. पोरांना म्हणायला सोपं, चार-चार अक्षरांवर टाळी पडते. पण आठाचं माप आणि वर यमक अशी दोन्ही बंधनं असली की जिथं मजकूर सहा अक्षरांतच संपतो तिथं उरलेली दोन कुठून तरी आणावी लागतात. भरतीचा शब्द तिथंच शिरतो.

गुरुजी स्वतःच म्हणाले, "अरे, यमकासाठी मी जिथं भाषेचा हात पिरगाळला असेल तिथं पेन्सिलीनं खूण कर. मला आता माझं माझं दिसत नाही."

५ मे

पहिला प्रयोग सोपा म्हणून केला. ओळी टाइप करून घेतल्या आणि नेहमीचे संशयित शोधले: खास, छान, हो, बरे, ती, हा, सारे, सदा, मग, भारी. सापडले भरपूर. पण यादी हातात घेऊन एकेक ओळ बघितली तेव्हा कळलं की शब्दावरून भरती ओळखता येत नाही. "आधी उकळा, मग प्या" यातला "मग" काढला तर कुठलं काम आधीचं आणि कुठलं नंतरचं ते ढिलं पडतं. दुसऱ्या ठिकाणी तोच "मग" फक्त दोन अक्षरं भरायला बसलेला आहे. म्हणजे शब्द बघायचा नाही, तो तिथं कुठलं काम करतोय ते बघायचं.

त्यामुळं पद्धत बदलली. शाळेत संस्कृतच्या तासाला श्लोकाचा अन्वय लावायचो तसा प्रत्येक पद्याचा अन्वय लावायचा, म्हणजे ते शेजाऱ्याला सांगितल्यासारखं साध्या गद्यात शेजारी लिहायचं. गद्यात जो शब्द आपोआप गळतो तो भरतीचा. गद्यात जो शब्द जागा बदलतो त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह. नुसतं प्रश्नचिन्ह, फुली नाही. जागा बदललेला प्रत्येक शब्द चुकीचा असेल तर मराठीतली निम्मी कविता रद्द करावी लागेल.

८ मे

विजेचं पद्य. गुरुजींचा मूळ मसुदा:

पाणी येता दारापाशी
मेन स्विच करा बंद
ओल्या हाती नका लावू
बोट त्यास मंद मंद

अन्वय: पाणी दारापाशी आलं की मेन स्विच बंद करा, ओल्या हातानं त्याला बोट लावू नका. "मंद मंद" गळलं. नुसतं गळलं असतं तरी ठीक, पण ते जिथं आहे तिथं अर्थाला इजा करतं. "मंद मंद बोट लावू नका" म्हणजे जोरात लावलं तर चालेल काय? नकारार्थी वाक्यात क्रियाविशेषण घातलं की नकार क्रियापदावरून सरकून त्या विशेषणावर बसतो. "मोठ्यानं बोलू नका" म्हणजे बोला, पण हळू. तसंच हे. होकारार्थी वाक्यातली भरती फार तर निरर्थक राहते, नकारार्थी वाक्यातली भरती अर्थ फिरवते. सूचनांच्या पद्यात "नका" आणि "नये" खूप असतात, म्हणून या ओळी आधी तपासायच्या असं ठरवलं.

आता दोष "मंद मंद"चा दिसतो, पण तो आला कुठून ते बघितलं पाहिजे. दुसऱ्या ओळीत "बंद" शेवटी आणला. "बंद"शी जुळणारे शब्द कोणते? मंद, धुंद, छंद, आनंद, सुगंध ओढूनताणून. पुराच्या पाण्याशी यातल्या एकाचाही संबंध नाही. म्हणजे दुसरी ओळ लिहून झाली तेव्हाच चौथ्या ओळीचं वाटोळं ठरलं होतं. चौथीत कितीही डोकं खाजवलं तरी तिथं फुलाचा नाहीतर वाऱ्याचाच शब्द येणार.

म्हणून चौथीला हात न लावता दुसरी दुरुस्त करायची. गंमत अशी की "मेन स्विच बंद करा" ही नैसर्गिक ओळही बरोबर आठ अक्षरांचीच आहे. गुरुजींना विचारलं, मग उलटी का केली? म्हणाले, "करा-करा फार होतं रे, प्रत्येक पद्यात करा येतो." हे कारण खरं आहे. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळं सरळ लिहिलं की यमकाच्या जागी सारखं करा, धरा, भरा येत राहतं. त्या कंटाळ्यातून सुटायला क्रियापद पुढं आणलं जातं. यावर नंतर बघू. सध्या "करा" घेतला तर समोर धरा, भरा, सरा, जरा, खरा असे कामाचे शब्द उभे राहतात, हा मोठा फायदा.

आमच्या गल्लीतल्या वायरमनला मजकूर दाखवला. त्याचं म्हणणं, दारापाशी म्हणजे उशीर झाला. पाणी अंगणात असतानाच मेन स्विच बंद झाला पाहिजे, आणि पायाखाली पाणी आल्यावर बोर्डाकडं जायचंच नाही, हात कोरडे असले तरी. मूळ पद्यात ओल्या हाताची गोष्ट होती, पाण्यातल्या पायांची नव्हती. "मंद मंद" आणि "त्यास" यांनी अडवलेली सहा अक्षरं मोकळी केल्यावर त्याला जागा झाली.

पाणी अंगणात आलं,
मेन स्विच बंद करा.
पाय पाण्यात आहेत?
बोर्ड सोडा, मागे सरा.

"आलं" की "आले" यावर थोडी चर्चा. गुरुजींना "आले" हवं होतं. भिंत आहे, पुस्तक नाही, म्हणून "आलं" राहिलं.

११ मे

कागदपत्रांचं पद्य. यानं सगळ्यात जास्त वेळ घेतला आणि सगळ्यात जास्त शिकवलंही.

आधार, रेशन कार्ड
ठेवा पिशवीत जाड
गाठ मारा तिला अशी
की न सुटावी ती द्वाड

"द्वाड" भरतीचा, हे कुणीही सांगेल. मला शंका "जाड"ची होती. अन्वयात तो गळत नाही, फक्त जागा बदलतो: जाड पिशवीत ठेवा. मग हा चालणारा की न चालणारा?

शेजारच्या मावशींना हे पद्य दोनदा म्हणून दाखवलं आणि विचारलं, काय करायचं सांगा बघू. त्या म्हणाल्या, "कागदं पिशवीत घालायची आणि जाड गाठ मारायची." पिशवीचा जाडपणा गाठीला गेला. ऐकणाऱ्याचा काही दोष नाही. "जाड पिशवीत" म्हटलं की विशेषण नामाला चिकटलेलं असतं. "पिशवीत" म्हणून विभक्तीचा प्रत्यय लागून नाम बंद झालं, की मागून आलेल्या "जाड"ला धरायला काही उरत नाही. तो लोंबकळत राहतो आणि पुढच्या ओळीतलं पहिलं नाम पकडतो. ते नाम नेमकं "गाठ".

अजून एक गोष्ट इथं लक्षात आली. आपण बोलताना क्रियापदाच्या नंतर जे टाकतो ते आवाज खाली घेऊन टाकतो. "गेली का गाडी?" "आला बघा पाऊस." यात गाडी आणि पाऊस दोघांनाही आधीच ठाऊक असतात, म्हणून शेपटीला चालतात. ज्यावर भर द्यायचा ते आपण क्रियापदाच्या अगदी आधी ठेवतो: "गाडी सहाला गेली," यात "सहाला"वर जोर आहे. आता यमकाची जागा उलटी मागणी करते, तिथं आवाज चढतो आणि टाळी पडते. म्हणून यमकासाठी नवी माहिती क्रियापदाच्या मागं ढकलली की दोन ओढाताणी एकाच शब्दावर होतात. पोरं ताल धरून म्हणतील तेव्हा "जाड" ठणकावून ऐकू येईल, पण भिंतीवर मनात वाचणारा माणूस तो शेपटीसारखा वाचून पुढं जाईल. आणि आपली भिंत बहुतेक लोक मनातच वाचणार आहेत.

१२ मे

दुरुस्ती: "जाड पिशवीत ठेवा". आठ अक्षरं, सरळ. पण "ठेवा"ला जुळणारे सेवा, मेवा, हेवा, देवा. पुन्हा तीच "बंद"ची गत. "जाड पिशवीत बांधा" करून बघितलं. जुळणारा "खांदा" लगेच सुचला आणि गुरुजी खूश झाले: घर सोडताना पिशवीला खांदा द्या. मी गप्प बसलो, पण चहा घेऊन आलेल्या वहिनींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "खांदा कुणाला देतात भावजी?" विषय मिटला. पुराच्या भिंतीवर खांदा देण्याची भाषा नको.

यमकाच्या शब्दात हा धोका असतोच. तो शब्द कोशातला अर्थ बघून जोडला जातो, पण भिंतीवर येताना त्याच्याबरोबर वाक्प्रचारही येतो.

शेवटी "घाला". याच्यासमोर आला, झाला, चाला. तिसऱ्या-चौथ्या ओळीत गाठीची सूचना बसवायचा हट्ट सोडला. त्याऐवजी कागदं का जपायची ते सांगितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्यानंतर डुप्लिकेट कार्डांसाठी जे हेलपाटे पडले ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहेत.

आधार, रेशन कार्ड
जाड पिशवीत घाला.
कागद भिजले तर
वर्षभर ताप झाला.

"ताप झाला" हा भूतकाळ मला आवडतो. गोष्ट अजून घडलेली नाही पण घडल्यातच जमा, असं आपण रोज बोलतो: "बस चुकली तर दिवस गेला." यमकासाठी काळ बदललाय असं वाटत नाही, कारण बोलतानाही तोच काळ येतो. शिवाय आज्ञार्थी क्रियापदांची रांग मोडायची एक वाट सापडली. एका ओळीत सूचना, दुसरीत तिचा परिणाम.

गाठीचं काय? मामांना सांगितलं, पिशवीच्या चित्रात दोन गाठी ठसठशीत काढा.

१५ मे

पाणीपातळीचं पद्य.

आयर्विन पुलाखाली
चाळीस, इशारा खास;
पंचेचाळीस होता हो
घर सोडा हमखास

यात यमकाचे दोन्ही शब्द भरतीचे आहेत. एक खरा शब्द आणि त्याच्याशी जुळवून आणलेला एक खोटा, असं सहसा असतं. इथं दोन पोकळ शब्दांनी एकमेकांना धरून ठेवलंय. शिवाय "हो". हा "हो" मात्र निरुपद्रवी वाटत असला तरी "होता हो" असा गुंता करतो, वाचणारा एकदा अडखळतोच.

"इशारा खास" वाचून मंडळातल्या एका पोरानं विचारलं, साधा इशारा वेगळा असतो का? बरोबर विचारलं. इथं पातळ्यांची नावं ठरलेली आहेत: आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोका पातळी. ठरलेल्या नावाला विशेषण चिकटवलं की ते दुसरंच काही आहे असं वाटायला लागतं.

"हमखास"नं तर खरी माहितीच खाल्ली. ४५ झाल्यावर घर सोडा, असं भिंतीवर लिहिलं तर सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत ते चुकीचं ठरेल. सखल भागात इशारा पातळी व्हायच्या आधीच पाणी शिरायला लागतं. तिथं जो शब्द हवा तो "आधी". चार अक्षरांचा पोकळ शब्द बसला होता म्हणून दोन अक्षरांचा कामाचा शब्द बाहेर राहिला होता.

मग मी गल्लीत पावसाळ्यात जे विचारलं जातं तेच लिहून बघितलं. सकाळी दूध आणायला गेलेला माणूस दुसऱ्याला विचारतो, "आयर्विनला किती?" फूट नाही, पाणी नाही, काही नाही. सगळ्यांना कळतं. अक्षरं मोजली तर सात. एक कमी. गुरुजींनी लगेच सुचवलं: "आयर्विनला किती रे". आठ झाली. पण "रे" आला आणि तो प्रश्न रस्त्यावरचा राहिला नाही, बालगीतातला झाला.

मी सात अक्षरांवर अडून बसलो. प्रश्न विचारल्यावर माणूस थांबतोच. तो थांबाच आठव्या अक्षराची जागा घेतो. पोरांना टाळीवर म्हणायला लावलं तर "किती"तली "ती" आपोआप लांबली आणि पुढची ओळ बरोबर टाळीवर आली. म्हणजे कानाला काहीच कमी पडलं नाही, कमी फक्त कागदावर होतं. प्रश्नानंतर, हाकेनंतर अशी मोकळी जागा चालते. ओळीच्या मधोमध चालत नाही, तिथं लगेच खड्डा लागतो.

आयर्विनला किती?
चाळीस झाले, इशारा.
पंचेचाळीसला धोका,
आधी हलवा पसारा.

१६ मे

गुरुजींना "रे" काढल्याचं थोडं लागलं असावं. आज आले ते यास्काचं निरुक्त, वेदांतल्या शब्दांवरचा जुना ग्रंथ, घेऊन. तिथं कम्, ईम्, इत्, उ या निपातांबद्दल म्हटलंय की मोजक्या अक्षरांच्या रचनेत ते अर्थाशिवाय, नुसते पदपूरणासाठी येतात. "बघ, वेदांतसुद्धा होतं," म्हणाले. मी म्हटलं, गुरुजी, पण त्यांनी निदान वेगळे शब्द राखून ठेवले होते, सगळ्यांना माहीत असलेले. आपला "मंद मंद" अर्थ असल्याचं सोंग करतो, तिथं गोची होते.

यावरून चांगली चर्चा झाली. जात्यावरच्या ओवीतला "गं बाई", पोवाड्यातला "जी जी" हेही अर्थानं रिकामेच आहेत. मग ते का खटकत नाहीत? ते ठरलेल्या जागी येतात, दर खेपेला येतात, आणि त्यांना काम आहे. दळणारीला दम घ्यायला, शाहिराच्या मागच्या झीलकऱ्यांना सूर धरायला. ऐकणारा त्यांच्यात अर्थ शोधतच नाही. भरतीचा शब्द एकदाच कुठंतरी येतो, म्हणून ऐकणारा त्यात अर्थ शोधतो. गुरुजींना हे पटलं. "म्हणजे रे घालायचा तर प्रत्येक पद्यात एकाच जागी घालायला हवा." हो, आणि तसा घातला तर माझी काही हरकत नसती. पण मग ते भिंतीवरचं पद्य राहणार नाही, गाणं होईल.

१९ मे

मंडळातल्या एका उत्साही पोरानं सगळीकडं "सरळ क्रम" करायला घेतला. बोटीचं पद्य त्यानं फोडलं. मूळ:

बोट आली, निघा आता,
सामानाचा सोडा नाद.
आधी पोरं नि म्हातारी,
जवानांशी नको वाद.

त्यानं "सामानाचा नाद सोडा" केलं आणि यमक गेलं म्हणून "सोडा"शी जुळवायला "जोडा" शोधत बसला होता. मी त्याला म्हटलं, मूळच ठेव. तो म्हणाला, "का? जाड मागं गेलेला चालत नाही आणि नाद कसा चालतो?"

प्रश्न रास्त होता, म्हणून दोघांनी बसून नीट बघितलं. "सामानाचा सोडा..." इथपर्यंत वाचून थांब आणि पुढचा शब्द सांग, असं मी त्याला आणि आणखी दोघांना म्हटलं. तिघांनीही "नाद" सांगितलं. "ठेवा पिशवीत..." इथं थांबून पुढचा शब्द विचारला तर कुणी कागद म्हणालं, कुणी सामान, जाड कुणीच म्हणालं नाही. हाच फरक. "नाद सोडणे" हा जुळून आलेला जोड आहे, "सोडा" आला की "नाद" कानात आधीच वाजतो. जोर "सामानाचा"वर हवा होता आणि तो क्रियापदाच्या आधीच बसलाय. मागं गेलेला शब्द ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक होता, म्हणून तो आवाज खाली आला तरी काही हरवत नाही.

आणि आज्ञेत क्रियापद पुढं आणण्याची आपल्याकडं सवयच आहे: "उचला पिशवी", "चला घरी". त्यात घाई असते, थोडी चिडचिड असते. बोट दारात उभी असताना तीच हवी. विजेच्या पद्यातलं "करा बंद"सुद्धा बोलण्यात चुकीचं नव्हतं, वैतागलेला माणूस म्हणतोच. पण तिथं शांतपणे करायचं काम आहे. "आधी हलवा पसारा"लाही हाच न्याय लावून ठेवला.

तेव्हापासून संशयित ओळीची चाचणी अशी ठरली: शेवटच्या शब्दाआधी थांबायचं आणि दोन-तीन जणांना तो शब्द विचारायचा. क्रमानं मागं पडलेला शब्द सगळ्यांनी ओळखला तर उलटा क्रम राहू द्यायचा. अर्थाचाच शब्द कुणी ओळखला नाही तर सरळ करायचा. मात्र ज्यानं पद्य आधी ऐकलंय त्याला विचारून उपयोग नाही, त्याला पाठच असतं. त्यामुळं रोज नवीन गिऱ्हाईक शोधावं लागतंय. पेपर टाकणारा, इस्त्रीवाला, सगळे झाले.

२२ मे

पूर ओसरल्यानंतरचं पद्य. मूळ पहिल्या दोन ओळी "उकळल्याविना पाणी / पिऊ नका कोणी कदा" आणि पुढं "आजाराची भीती सदा". सदा-कदा, दोन्ही गळले. चर्चेची गरज पडली नाही.

पूर गेला तरी पाणी
आधी उकळा, मग प्या.
आडात नि विहिरीत
टीसीएल टाकून घ्या.

टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. इथं "टाकून घ्या"तला "घ्या" मला सतावत होता. सहायक क्रियापद ही सगळ्यात लपलेली भरती. करून टाका, ठेवून द्या, बघून घ्या: हवी तेवढी अक्षरं मिळतात आणि व्याकरण कुठंच मोडत नाही, त्यामुळं पेन्सिल फिरवतानाही नजरेतून सुटतात. पण हे पोकळ नसतात, प्रत्येकाला छटा आहे. "टाकून द्या" म्हटलं असतं तर फेकून द्या असा अर्थ झाला असता. "टाकून घ्या" म्हणजे पुढच्या वापराआधी आपल्यासाठी उरकून ठेवा. इथं तेच म्हणायचंय. ठेवला.

२६ मे

जुलाबावरच्या साखर-मिठाच्या पाण्याचं पद्य. दुसरी आणि चौथी ओळ:

साखर चमचे सहा
मीठ अर्धा चमचा हा

पेंटर मामांनी वाचून विचारलं, "हा म्हंजे कुठला? चमचा केवढा काढू?" त्यांना वाटलं शेजारी चित्र आहे आणि "हा" त्याकडं बोट दाखवतोय. "सहा"शी जुळवायला आलेला एका अक्षराचा "हा", पण दर्शक सर्वनाम असल्यामुळं तो काहीतरी दाखवल्याशिवाय राहत नाही. आणि इथं चमच्याचं माप चुकलं तर निभणार नाही. मीठ जास्त पडलं तर लहान पोराला ते पाणी अपायच करेल.

"हा" काढून "अर्धा चमचा मीठ" केलं तर "मीठ"ला जुळायला पीठ, नीट, धीट. "सपाट" शब्द तर घालायलाच हवा, शीग लावून भरलेला चमचा आणि सपाट चमचा यांत बराच फरक पडतो. "चहाचा चमचा" हेही हवं, नाहीतर कुणी जेवणाचा घेईल. हे सगळं आठ-आठ अक्षरांत घालायला गेलो तर काहीतरी बाहेर राहणार किंवा काहीतरी उपरं आत येणार.

गुरुजींनीच तोडगा दिला. "हे पद्यात नकोच. गद्य लिही." तसंच केलं:

एक लिटर स्वच्छ पाणी. त्यात साखर, चहाचे सपाट सहा चमचे. मीठ, चहाचा सपाट अर्धा चमचा.

२८ मे

मामांनी पांढरा हात मारला. गद्याची ओळ लांब असल्यानं ती दोन रांगांत जाईल, आणि मोडताना "सपाट" एका रांगेत नि "अर्धा चमचा" दुसऱ्या रांगेत जाणार नाही एवढं बघायला सांगितलंय. चमच्याच्या चित्रासाठी त्यांनी घरून खरा चहाचा चमचा आणला आहे, त्याची कड भिंतीवर ठेवून पेन्सिलीनं आखून घेणार आहेत. सापाविषयीचं पद्य अजून बाकी आहे. त्यात "डसे" आणि "असे" यमक आहे. उद्या संध्याकाळी गुरुजींकडं.